लाल चिमटा

सातवीच्या भूगोलाच्या चाळीस उत्तरपत्रिका, त्या टेकवायला एक पुठ्ठा, लाल पेन आणि लाल चिमटा. एवढं पिशवीत असल्याशिवाय बाई हल्ली सहसा घराबाहेर पडत नसत. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या मानेवर गाठ आली, तेव्हापासून आठवड्यातले दोन-तीन दिवस कुठल्यातरी बाकावर जायचे आणि शाळेचं काम तर काही थांबत नव्हतं.

पहिले काही दिवस त्या पेपर घरी तपासायच्या तसेच तिथेही तपासत. एक पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मग मधेच नंबर यायचा, किंवा अप्पांना पाणी हवं असायचं, किंवा शेजारची बाई एक्स-रे कुठे काढतात म्हणून विचारायची. परत येऊन बसलं की कुठवर आलो होतो, तेच आठवायचं नाही. एकदा तर एका मुलीच्या दोन उत्तरांचे गुण दोनदा धरले गेले. तेव्हापासून बाईंनी रीत बदलली. एका वेळी एकच प्रश्न घ्यायचा. सगळ्या पेपरांतला तिसरा प्रश्न, मग सगळ्यांतला चौथा. गुण तिथल्या तिथे पहिल्या पानावरच्या चौकटीत लिहायचे, डोक्यात काही ठेवायचं नाही. हाक आली की हातातल्या पेपराला चिमटा लावायचा आणि उठायचं. चिमटा आहे म्हणजे इथून पुढचं राहिलंय. बेरजा मात्र घरीच करायच्या, कारण बेरीज मधेच सोडली की ती पहिल्यापासूनच करावी लागते.

शिक्षकांच्या खोलीत त्यांनी ही युक्ती सांगितली, तर चित्रकलेचे सर म्हणाले होते, आता दवाखान्यालाच शाळेची शाखा म्हणा. बाई हसल्या होत्या. मनातून थोडा गर्वही वाटला होता, हे खोटं कशाला सांगा.

आज अप्पांच्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा होता. मागच्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं होतं की, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी आणा. सकाळी दारातून सिस्टर डोकावल्या आणि यादी मागितली. बाई पुठ्ठा आवरत होत्या, तोवर अप्पांनी स्वतःच शर्टाच्या खिशातून घडी काढून पुढे केली. त्यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे ते नेहमी जरा मोठ्यानेच बोलतात.

"लेकीने लिहिलंय सगळं," ते म्हणाले. "शिक्षिका आहे ती. काही विचारायची गरजच नाही."

सिस्टरनी अक्षर बघून मान डोलावली आणि अप्पांना आत नेलं. नातेवाइकांनी बाहेर बसायचं होतं.

बाईंनी पेपर काढले. काल अप्पांच्या तपासण्यांच्या रांगेत पाचवा प्रश्न अर्धा झाला होता. त्यांनी गठ्ठा उलगडला आणि चिमटा तेविसाव्या पेपरावर सापडला. इथून पुढचं राहिलंय. तो काढायला त्यांनी बोटं लावली आणि बोटं तशीच राहिली.

राहिलंय. आणखी काहीतरी राहिलंय.

परवा पेन्शन कार्यालयात अप्पांच्या हयातीच्या दाखल्यासाठी त्या रांगेत बसल्या होत्या. त्या दिवशी पेपर घरीच ठेवून त्यांनी गोळ्यांची खोकी सोबत नेली होती. एकेक खोकं उचलायचं, नाव आणि वेळ उतरवायची, खोकं पिशवीत टाकायचं. पाच मिनिटांचं काम. पाचवं नाव लिहून होतंय तोच खिडकीतून हाक आली होती. कागद हरवू नये म्हणून घडी करून त्यांनी तो अप्पांच्या खिशात सरकवला, मांडीवरची उरलेली खोकी पिशवीत लोटली आणि अप्पांना हाताला धरून उठवलं. चिमटा पेपरांबरोबर घरी होता.

खोकी सात होती.

राहिलेल्या दोनांतली एक जीवनसत्त्वाची. आणि दुसरी? दुसरी हृदयाच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी सुरू केलेली रक्त पातळ करायची गोळी. ती आज सकाळी त्यांनीच अप्पांच्या तळहातावर ठेवली होती, पाण्याचा पेलाही स्वतः दिला होता.

यादीवर कुठेही अपुरं असं लिहिलेलं नव्हतं. पाच ओळी, सरळ रेघेत, सुवाच्य. कुणीही पूर्णच समजलं असतं.

मांडीवरचे पेपर फरशीवर पसरले तरी बाईंनी मागे पाहिलं नाही. दारावर पांढऱ्या साडीतल्या मावशी बसल्या होत्या. त्यांनी नेहमीच्या सवयीने हात आडवा केला. सगळ्यांनाच घाई असते, असं काहीतरी त्या म्हणत होत्या.

"मावशी, माझी चूक झालीय," बाई म्हणाल्या. "यादी अर्धीच आहे. ते रक्त पातळ करायची गोळी घेतात. आज सकाळीही घेतलीय. आत सांगा, आत्ताच्या आत्ता."

मावशींनी त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि त्या आत गेल्या.

दार बंद झालं. बाई उभ्याच राहिल्या. कुणीतरी पेपर गोळा करून बाकावर ठेवले, त्यांचा क्रम लागला होता की नाही कोण जाणे. किती वेळ गेला ते बाईंना सांगता आलं नसतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी वाट बघण्याखेरीज दुसरं काहीच केलं नाही.

डॉक्टर स्वतः बाहेर आले. सुई टोचायची बाकी होती, एवढंच ते आधी म्हणाले. मग शांतपणे समजावलं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायची, ते सांगतील तसं करायचं. पुढची तारीख मिळाली अठरा दिवसांनंतरची.

"अठरा दिवस," बाई म्हणाल्या. "गाठ वाढली तर?"

रक्त थांबलं नसतं तर जास्त वाईट झालं असतं, असं म्हणून डॉक्टर आत गेले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटत राहिलं. रिक्षात अप्पा बराच वेळ बाहेर बघत होते. गळपट्टा त्यांनी गाठीवर ओढून घेतला होता.

"पोरांनी अर्धं उत्तर लिहिलं तर किती गुण देतेस?" त्यांनी अचानक विचारलं.

"अर्धे," बाई म्हणाल्या.

"मग ठीक आहे," अप्पा म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघू लागले. त्यांचा हात मात्र त्यांनी बाईंच्या हातावर ठेवला नाही. नेहमी ठेवत.

दोन दिवसांनी हृदयाच्या डॉक्टरांकडची रांग. नंबर एकतिसावा, आत अकरावा गेलेला. अप्पा शेजारी डोळे मिटून बसले होते, झोपलेले नव्हते. बाईंनी पेपर आणलेच नव्हते. पुठ्ठ्यावर कोरा कागद घेतला आणि सातही खोकी मांडीवर मांडली. लिहायला सुरुवात करण्याआधी त्यांनी कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "एकूण गोळ्या सात", आणि खाली एक ते सात आकडे घालून सात रिकाम्या ओळी आखल्या. आता कुठेही हाक आली तरी रिकामी ओळ रिकामीच दिसली असती, ज्याच्या हाती कागद पडेल त्याला.

रक्त पातळ करायची गोळी त्यांनी पहिल्या ओळीत लिहिली.

चौथ्या ओळीवर असताना आतून कुणीतरी नाव घेतलं. त्यांचं नव्हतं. तरी बाईंनी पेन उचललं, कागदाला लाल चिमटा लावला आणि अप्पांकडे पाहिलं. त्यांनी एक डोळा उघडला होता.

"किती झाल्या?"

"तीन. चार राहिल्या."

"मोजून बघ," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी खोक्यांवर बोट ठेवून स्वतःच मोजायला घेतलं.