गुरुवारचा बाजार

ज्याला कळतं त्याला विचारावं, म्हणून वहिनीने दिराला विचारलं. तो आठवड्यात तीन बाजार फिरून जनावरांची दलाली करायचा. तिनं कधी बाजार पाहिला नव्हता, घरातल्या धारा मात्र अकरा वर्षं तीच काढत होती.

"भावजी, जनावरांचा बाजार कुठं नि कधी असतो?"

"गुरुवारी. पुलापलीकडच्या मैदानात. पहाटे निघा," तो जेवता जेवता म्हणाला. वर मान करायचीही तसदी घेतली नाही.

गाय तिची एकटीची होती, भावानं दिलेली. दिरानं ती निम्म्या किमतीत मागितली होती. तिनं नाही म्हटलं. गाय विकून तिला शहरात एक खोली भाड्यानं घ्यायची होती आणि शिवणकाम करायचं होतं. घरमालकानं गुरुवार संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिनं टेम्पोवाल्यालाही विचारून घेतलं. तोही म्हणाला, गुरुवारच. बिचारीला काय माहीत, त्याची भाडी दिराच्याच कृपेवर चालायची.

कास भरलेली दिसावी म्हणून तिनं बुधवारी संध्याकाळी धार काढली नाही आणि पहाटेही नाही. गिऱ्हाईक आधी कासच बघतं, एवढं तिनं ऐकलं होतं.

मैदान ओस पडलं होतं. रिकाम्या खुंट्या, वाळकं शेण, पावतीची बंद खिडकी. गाय उतरवून टेम्पो पसार झाला. झाडू मारणारा रखवालदार हसला.

"बाई, बाजार मंगळवारी झाला. आता पुढच्या मंगळवारी. मंगळवारशिवाय इथं पावती फाटत नाही."

गाय लाथा झाडू लागली, सडांतून दूध ठिबकत होतं. भांडं नव्हतं. तिनं मातीतच धार काढली. दूध वाया जाताना पाहून तिला रडू फुटलं, पण हात थांबवता येईना.

दुपार टळली तसा दीर मोटारसायकलवरून आला, मागोमाग तोच टेम्पो.

"काय हो वहिनी, असा कसा घोटाळा केलात? द्या, घेतो मी. निम्म्यात."

"निम्म्यात खोली मिळत नाही."

"मग बसा इथंच मंगळवारपर्यंत. टेम्पो माझ्या गायीसाठी आणलाय."

तिनं दावं सोडलं. गाय ओळखीच्या माणसाच्या मागे निमूट चढली. दिरानं नोटा तिच्या हातात कोंबल्या आणि पुढची जागा दाखवली.

"बसा. संध्याकाळच्या धारेला उशीर होतोय. मला काही जमत नाही ते."

ती बसली. टेम्पो सुरू झाल्यावर तो खिडकीशी आला, अगदी मायेनं म्हणाला, "आधी एकदा मला विचारायचं होतंत ना."