मधलं मूळ

प्रवरेच्या काठी, कोल्हारपासून थोड्या अंतरावर एका डिस्टिलरीला लागून कार्बन डायऑक्साइडचा प्लँट होता. मळी आंबताना जो वायू निघतो तो तिथं स्वच्छ करायचा, थंड करून दाबाखाली द्रव करायचा आणि टँकरनं सोड्याच्या कारखान्यांना पाठवायचा. स्टेला तिथली प्रोसेस इंजिनिअर. वय अडतीस. लग्न झालेलं नव्हतं. आई मेरीबाई मिशनच्या शाळेतून रिटायर झाल्यापासून दोघीच घरात.

त्या वर्षी प्लँटला नवी टाकी आली. ती चालू करून द्यायला टाकी बनवणाऱ्या कंपनीनं आदिनाथला पाठवलं. मूळचा नगर जिल्ह्यातल्या घोडेगावचा, पण घर पुण्यात. बायको वारलेली, मुलगी धनश्री अकरावीला, होस्टेलवर. आठवड्याभराचं काम म्हणून आला तो गेस्ट हाउसमध्येच अडकला, कारण टाकीचा हिशोब जुळेना.

टाकीत किती माल आहे हे पॅनलवर दिसायचं. खाली द्रव, वर त्याचीच वाफ. दोन्हींचं वजन काढून पॅनल बेरीज दाखवायचा. टाकी भरताना पाइपावरचा मीटर सांगे त्यापेक्षा पॅनलवर माल कमी वाढायचा. म्हणजे गळती. आदिनाथ आणि ऑपरेटर बजरंग प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावत फिरले. एक बुडबुडा आला नाही. आणि टँकर भरून वजनकाट्यावर गेला की उलटंच व्हायचं. टँकरमध्ये टाकीतून गेला त्यापेक्षा जास्त माल!

"मॅडम, ही टाकी हाय का अक्षयपात्र?" बजरंग म्हणायचा. "काट्यावालाच लबाड असंल."

काटा तपासून घेतला. काटा बरोबर होता.

स्टेलाला मात्र या दिवसांची सवय लागत चालली होती. सकाळी गेटमधून आत येताना तिची नजर आधी त्या टाकीकडे जायची. बर्फ धरलेल्या पाइपापाशी आदिनाथ उभा असायचा, स्वेटरच्या बाह्या मागे सारून. तो फार बोलत नसे. पण एकदा डबा खाताना म्हणाला, "तुमच्या आईंच्या हातची वांग्याची भाजी खाल्ली की घोडेगावचा बाजार आठवतो. आमची आई बाजाराच्या दिवशी अशीच करायची." दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाजी जास्त येऊ लागली. मेरीबाईंनी कारण विचारलं नाही.

शनिवारी दुपारी आदिनाथ काट्यावर गेला होता. स्टेला कंट्रोल रूममध्ये एकटी बसली. आकडे पुन्हा पाहताना तिच्या ध्यानात आलं की भरतानाची तूट आणि काढतानाची वाढ एकाच प्रमाणात आहे. गळती असती तर माल काढतानाही कमीच झाला असता. म्हणजे माल कुठं जात नव्हता आणि कुठून येतही नव्हता. चूक मोजण्यातच होती. द्रवाची जागा वाफ घेते तेव्हा फरक पडतो, मग वाफेचंच वजन चुकत असणार.

तिनं पॅनलमधून वाफेची घनता काढून पाहिली. एका लिटरला जवळपास तीनशे ग्रॅम! उणे वीस अंशांना, त्या दाबाला वाफ पन्नास-बावन्न ग्रॅमच्या आसपास असायला हवी.

तिनं कॅल्क्युलेटर ओढला. वायूच्या आकारमानाचं समीकरण त्रिघाती असतं. तापमान आणि दाब घालून सहगुणक टाकले की तीन मुळं येतात. पडद्यावर एकेक उमटलं. एका मोलला, म्हणजे चव्वेचाळीस ग्रॅमला, ०.८५ लिटर, ०.०४ लिटर आणि ०.१५ लिटर.

सर्वांत मोठं मूळ वाफेचं. सर्वांत लहान द्रवाचं. दोन्ही खरी, कारण टाकीत त्या क्षणी दोन्ही नांदत असतात. मधलं नुसतं गणितातलं. तशा अवस्थेत वायूला जास्त जागा दिली तर दाब वाढायला हवा, आणि दाबून लहान केला तर दाब उतरायला हवा. असा पदार्थ क्षणभरही टिकत नाही. त्याची लगेच वाफ आणि द्रव अशी फाटाफूट होते. पॅनलच्या प्रोग्रॅमनं वाफेसाठी नेमकं तेच उचललं होतं. ०.१५. चाचणी गरम वायूवर झाली असणार. तिथं खरं मूळ एकच निघतं, मग कुठलं घ्यायचं हा प्रश्नच येत नाही.

एक ओळ बदलायची होती. सर्वांत मोठं मूळ घे, एवढंच सांगायचं होतं. आणि मग आदिनाथचं इथलं काम संपणार होतं.

दार उघडून तो आत आला. तोंडावर काट्याची धूळ होती. "काही सापडलं?"

"अजून नाही," स्टेला म्हणाली, आणि तिच्या बोटानं कॅल्क्युलेटर बंद केला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "नाही गं धने, या रविवारी नाही जमणार. टाकी ऐकत नाही बघ... हो, हो, पुढच्या आठवड्यात नक्की." तो हसून बोलत होता. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. स्टेलानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी चर्चमध्ये ती आईशेजारी बसली. लोक उभे राहिले तेव्हा उभी राहिली, बसले तेव्हा बसली. पाळकांचं एकही वाक्य तिच्या डोक्यात शिरलं नाही. होस्टेलच्या फाटकाशी उभी असलेली, कधी न पाहिलेली मुलगी तेवढी दिसत होती.

सोमवारी तो येताच ती म्हणाली, "वाफेचं मूळ चुकीचं घेतलंय. मधलं."

त्यानं आकडे पाहिले. कपाळाला हात लावला. "अरे देवा! आणि आपण साबण लावत बसलो." ओळ बदलली. दुपारी टँकर भरला, काट्यावर गेला, परत आकडा आला. पॅनलवरून उतरला तेवढाच माल टँकरमध्ये चढला होता. बजरंगनं साऱ्यांना पेढे वाटले.

संध्याकाळी बॅग गाडीत ठेवून आदिनाथ परत आत आला.

"कधी सापडलं हे तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. "शनिवारी."

"मग शनिवारी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही शनिवारीच निघाला असता."

आदिनाथनं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "पोरीचा एक रविवार गेला," तो हळू म्हणाला.

"ठाऊक आहे मला. त्यासाठी माफ करा. बाकीच्यासाठी मागत नाही."

तो दारात थांबला, मान हलवली आणि गेला. त्याची गाडी कोल्हारच्या पुलाकडे वळेपर्यंत स्टेला खिडकीशी होती.

डब्यातली भाजी पुन्हा पहिल्याइतकी झाली. टाकी बिनतक्रार चालली. सकाळी गेटमधून येताना नजर मात्र तिकडे जायचीच. पाइपावर बर्फ असायचा आणि शेजारी कुणी नसायचं. तिनं दोनदा त्याचा नंबर काढला आणि दोनदा फोन पालथा ठेवला.

दिवाळीच्या तोंडावर त्याचाच फोन आला. टाकीचा दाब विचारला. तिनं सांगितला. हिशोब जुळतो का विचारलं. जुळतो, म्हणाली.

"धनश्रीला सुट्टी लागलीय," तो शेवटी म्हणाला. "तिला घेऊन घोडेगावला निघालोय. जाता जाता... कोल्हार वाटेतच आहे ना?"

पुण्याहून घोडेगावला जाताना कोल्हार वाटेत लागत नाही. नगरलाच रस्ते फुटतात. नगर जिल्ह्यात जन्मलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

"हो," स्टेला म्हणाली. "जेवूनच जा."