दोन इंचांचा चौकोन

आमच्या ब्लाउज शिवायच्या ऑनलाइन कोर्सच्या धड्यांत आईचं तोंड कुणी बघितलेलं नाही. मोबाइल कापड कापायच्या टेबलावर उलटा टांगलेला असतो, त्यात फक्त तिचे हात दिसतात, खडू दिसतो, कात्री दिसते. तोंड दिसतं ते फक्त लाइव्हमध्ये. आठवड्यातून एकदा, दुपारी, जेवणं उरकली की. त्याला मामा 'डाउट सेशन' म्हणतो. आई म्हणते 'रडगाणं'.

त्या दिवशीही रडगाणंच चालू होतं. एकीचा गळा पसरट झालेला, एकीच्या बाहीला चुण्या. मी लॅपटॉपसमोर, आई माझ्या शेजारी, आणि मामा मागच्या खुर्चीत मोबाइल घेऊन. मामा म्हणजे आमचा मालक, मॅनेजर आणि मार्केटिंग. कोर्स विकायची अक्कल त्याची, हे तो दिवसातून चारदा सांगतो. कोण बोलणार, कुणाचा आवाज बंद करायचा, तेही तोच ठरवतो.

"पुढची कोण?" आईने विचारलं.

"फ्रॉकवाली," मी म्हणाले.

ती आतापर्यंत लहान मुलांचे फ्रॉक शिवायची, म्हणून मी तिचं नाव तेच पाडलं होतं. पडद्यावर आली तेव्हा तिच्या हातात एक गुलबक्षी ब्लाउज होता. शिवून पूर्ण. हुकसुद्धा लावलेले. आणि तिच्यामागे पलंगावर एक बाई बसलेली, पदर खांद्यावर घट्ट ओढून, तोंड असं की लिंबू चावलंय.

"मॅडम, ब्लाउज अंगातच जात नाही. हुक लागत नाहीत. एवढं अंतर राहतंय." तिने बोटांनी अंतर दाखवलं.

"ही कोण मागे?"

"बुटीकच्या मॅडम आहेत. त्यांनी सॅम्पल शिवायला दिलं होतं. त्यांच्या साडीतलंच कापड, त्यांच्याच मापाचं. नीट झालं तर त्यांच्या दुकानाचं सगळं काम मला मिळणार होतं. कायमचं."

'होतं' म्हणाली. आई ते ऐकून सरळ बसली.

"घाबरू नको. आधी त्यांची छाती माप. माझ्यासमोर."

फ्रॉकवालीने टेप गुंडाळली. बुटीकवालीने हात वर केले, तेही उपकार केल्यासारखे. छत्तीस. आईने सांगितलं म्हणून पुन्हा मोजलं. छत्तीसच.

"आणि फर्मा कुठल्या मापाचा कापलास?"

"छत्तीसचाच, मॅडम. तुमचाच. फर्मा पॅकमधला."

मी मामाकडे बघितलं. मामा मोबाइलमध्ये.

आमच्या कोर्सची तीन पॅकेजं आहेत. सगळे धडे, सगळे फर्मे आणि लाइव्ह मिळून दोन हजार नऊशे नव्याण्णव. नुसते धडे चौदाशे नव्याण्णव. आणि तिसरं मामाचं लाडकं, फर्मा पॅक, दोनशे नव्याण्णव. त्यात धडे नाहीत. बत्तीसपासून चाळीसपर्यंतचे फर्मे, म्हणजे कापायचे कागदी साचे, खऱ्या मापाचे, आणि दोन लाइव्ह फुकट. पानं छापायची, कडा जुळवायच्या, चिकटपट्टी लावायची, कापडावर ठेवून कापायचं. हे पॅक गरम भज्यांसारखं खपत होतं.

"कागद आहे का अजून?" आईने विचारलं.

"आहे की."

"आण. आणि छातीच्या रेघेवर टेप ठेव. मधल्या घडीपासून बगलेच्या शिलाईपर्यंत. शिलाईबाहेरचा जादा दाब सोडून. किती येतं?"

फ्रॉकवालीने कागद जमिनीवर पसरला. मोबाइल कुठेतरी टेकवला, त्यामुळे आम्हाला तिचं डोकं आणि अर्धा पंखा दिसत होता.

"नऊला थोडं कमी, मॅडम."

"चौथाई नऊ आणि वर अर्धा इंच सैल. साडेनऊ हवं."

"नाही मॅडम, नऊला कमी आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. दोघींनाही कळलं. चौथाई भागात अर्ध्या इंचापेक्षा जास्त गेलं, म्हणजे पूर्ण घेरात दोन इंचांच्या वर. आणि नुसता घेर नाही. बाहीचा मुंढा लहान, खांदा लहान, टक्स चुकीच्या जागी. सगळा कागदच आखडलेला.

"छापून कुठे आणलंस?"

"झेरॉक्सवाल्याकडून. तो म्हणाला, कडा कापल्या जातायत, मशीनने आपोआप पानात बसवून देतो."

"आणि चौकोन मोजला नाहीस?"

"कुठला चौकोन?"

पहिल्या पानावर दोन इंच बाय दोन इंचांचा एक चौकोन असतो. छापल्यावर आधी तो टेपने मोजायचा. बरोबर दोन आला तरच पुढे जायचं, नाहीतर ती पानं रद्दीत. पहिल्या धड्यात आई हे तीन वेळा बजावते. ते पान मीच केलं होतं, चौकोनाला लाल कडा देऊन.

"तो चौकोन पॅकमध्ये आहे ना?" आईने हळूच विचारलं. माइक चालू होता.

मामा खाकरला. "ते पान पहिल्या धड्याचं आहे. धडा फुकट कसा द्यायचा? ज्याला पाहिजे तो पूर्ण कोर्स घेईल."

"मी तुला तेव्हाच सांगितलं होतं!" मी ओरडले. "सांगितलं होतं ना, ते पान काढू नको म्हणून?"

"ठिणगे, आवाज खाली. माइक चालू आहे." चिडले की मामा मला ठिणगी म्हणतो.

"असू दे चालू!"

मामाने हात पुढे करून आमचा माइक बंद केला. पडद्यावर पंधरा-वीस चौकटींमधल्या बायका आमची हलणारी तोंडं बघत राहिल्या. कुणी कुकर उतरवत होती, कुणी मुलाला कडेवर घेऊन. फ्रॉकवाली ब्लाउज धरून उभीच.

"ताई, हे बघ," मामा आईला म्हणाला, "चूक झेरॉक्सवाल्याची. तेवढं सांग आणि पुढची घे. आपलं पान नव्हतं हे सगळ्यांसमोर बोललीस, तर उद्या निम्म्या जणी पैसे परत मागतील."

आईने माइक चालू केला आणि फ्रॉकवालीला म्हणाली, "ऐक. दाब किती ठेवलायस? बगलेत दीड इंच असेल ना? दोन्ही बाजू उसव, अर्धा-पाऊण इंच सोड. जाईल अंगात. मुंढा जरा काचेल, तो मी सांगते कसा खोलायचा."

फ्रॉकवाली ब्लाउजची आतली बाजू चाचपायला लागली.

"काय गं?"

"दाब कापून टाकला, मॅडम. आतून जाड दिसत होतं. कडेला इंटरलॉक मारून घेतला, छान दिसावं म्हणून."

तिने ब्लाउज उलटा करून दाखवला. खरंच छान दिसत होतं. आतली शिलाई इतकी स्वच्छ की दुकानातल्या तयार मालालासुद्धा लाज वाटेल. दाब कधी कापायचा नाही, आत झोपवायचा, हे आई सातव्या धड्यात सांगते. सातवा धडा तिच्याकडे नव्हता.

आईने डोळे मिटले. मला माहीत आहे, ती डोळे मिटून कापड बघते. कुठून तुकडा निघेल, कुठे जोड लपेल.

"उरलेलं कापड?"

"चिंध्या आहेत. एवढ्या-एवढ्या. बाकीची पायपिंगला गेली."

"बाही कोपरापर्यंत आहे ना? मग बाही काढ, अर्धी कर. खालच्या तुकड्यांच्या दोन पट्ट्या निघतील, त्या बगलेत घाल. हात खाली केला की दिसणारही नाहीत. मी समोर बसून सांगते."

"अर्धी बाही मला नको," मागून बुटीकवाली बोलली. इतक्या वेळात पहिल्यांदा. "मी सांगितलं होतं कोपरापर्यंत. जोड लावलेला ब्लाउज मी गिऱ्हाइकांना सॅम्पल म्हणून दाखवू का?"

"ताई, तिची चूक नाही," आई म्हणाली. "आमच्या कागदात चूक झाली. मापाची खूण असलेलं पान आम्ही दिलंच नव्हतं. शिलाई बघा ना तिची."

"शिलाई मी बघितली. अंगात जात नाही."

बरोबरच होतं तिचं. तिला ब्लाउज हवा होता, कारणं नाही. मला तिचा राग येत होता आणि राग ठेवायला जागाच नव्हती. आईचे हात टेबलावर होते. तिने दोनदा पडद्याकडे हात नेला, जणू तिथून आत घालून ब्लाउज ओढून आणणार. समोर असता तर तिने तासाभरात काहीतरी केलं असतं, हे तिच्या बोटांत दिसत होतं. पण ब्लाउज कुठल्यातरी गावात होता.

फ्रॉकवालीची चौकट काळी झाली.

मामाने लगेच दुसरी बाई पुढे घेतली. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या ब्लाउजची कटोरी टोकाला फुगते," आणि आईने तिला सांगितलं, टोकाला टाके बारीक घे, दोरा उलटा मारू नको, गाठ बांध. सगळं बरोबर सांगितलं. आवाज मात्र बाजारात भाव सांगितल्यासारखा.

सेशन संपल्यावर आई मामाला म्हणाली, "मोबाइल दे."

"कशाला?"

"फर्मा पॅकवाल्यांच्या ग्रुपवर बोलायचंय. तिथे तुझ्याशिवाय कुणाला बोलता येत नाही ना?"

"ताई, उद्या बोलू. शांत डोक्याने. नीट मजकूर लिहू."

"उद्यापर्यंत किती जणी कापतील?"

मामाने मोबाइल दिला नाही. मी त्याच्या हातातून ओढला. त्याने माझं मनगट धरलं, मी चावायच्या तयारीत होते, आणि आईने फक्त त्याच्याकडे बघितलं. सोडलं त्याने. आईने आवाज रेकॉर्ड केला: फर्मा कापडावर ठेवू नका, आधी छातीची रेघ मोजा, छत्तीसला साडेनऊ, बत्तीसला साडेआठ, कमी आली तर तो कागद फाडून टाका, मी मापाचं पान पाठवते. चूक आमची आहे.

मी पान पाठवलं. लाल कडेचं. आणि ग्रुपवर सगळ्यांना बोलू द्यायचं बटण चालू केलं.

तिथेच माझं चुकलं की काय, देव जाणे. आधी एक अंगठा आला. मग एकीने विचारलं, 'आता कापून झालं असेल तर?' मग फोटो. एका हिरव्या ब्लाउजची पाठ, हुकांमध्ये तोंड वासलेलं. मग पिवळा. मग एकीचा निरोप, 'मला वाटलं मीच जाड झाले, दोन आठवडे रात्रीचं जेवण सोडलंय.' त्यावर कुणी हसलं, कुणी रडका चेहरा टाकला. मग परत फोटो. आई एकेक उघडून मोठा करून बघत होती. "हिचा दाब आहे, ही वाचेल," म्हणायची. "हिचा नाही." मग नुसतं बघायला लागली.

मामा दारात उभा होता. मी भांडायला तयार बसले होते, त्याने तेवढंही केलं नाही.

फ्रॉकवालीचा निरोप आईच्या नंबरवर आला. आवाजात. मागे शांतता होती, म्हणजे बुटीकवाली गेली होती.

"मॅडम, त्या ब्लाउज घेऊन गेल्या. दुसरीकडे देणार म्हणाल्या काम. तुम्ही खूप बोललात माझ्यासाठी, त्याबद्दल आभारी आहे. फक्त एक विचारायचं होतं. माझी शिलाई सरळ होती ना?"

आईने मोबाइल तोंडाजवळ धरला.

"होती गं. अगदी सरळ होती. माझ्याकडे शिकलेल्या निम्म्या मुलींना अशी येत नाही."

मी बघितलं, तिने बटण दाबलंच नव्हतं.

"आई, गेलं नाही ते. परत बोल."

तिने मोबाइल पुन्हा तोंडाशी नेला. बटण दाबलं. लाल टिंब लुकलुकत राहिलं, सेकंद पुढे जात राहिले. मग तिने बोट उचललं. निरोप निघून गेला. त्यात नुसता आमच्या पंख्याचा आवाज.