पुढे जे घडलं

पत्रकारिता म्हणजे सत्याची उपासना. आमच्या वेबसाइटवर ही उपासना तीन रकान्यांत चालते: पानावरचा मथळा, सर्चमध्ये दिसणारा मथळा आणि त्याखालची सारांशाची ओळ. तिन्ही मी भरतो. मग शेवटचे दोन आमचे संपादक साहेब 'जरा चमचमीत' करतात.

त्या दुपारी टेकडीच्या वळणावर शाळेची बस उलटली. पोलिसांशी आणि मुख्याध्यापिकांशी बोलून मी सर्चसाठी लिहिलं: 'टेकडी रस्त्यावर शाळेची बस उलटली, सर्व ३२ मुलं सुखरूप'. लोक शोधतील ते शब्द आधी, उत्तर लगेच पुढे. खाली सारांश: 'चालकाच्या हाताला दुखापत. मुलं शाळेत परत. पालकांनी मागच्या फाटकाशी यावं.'

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे, सगळं बाहेरच सांगून टाकलंस! आत कोण येणार, तुझा मेव्हणा?"

"आईबाप शोधत असतील, साहेब."

"म्हणून तर येतील!"

आणि त्यांनी टाइप केलं: 'धक्कादायक! मुलांनी भरलेली बस उलटली, पुढे जे घडलं ते वाचून हादराल'. सारांश: 'त्या मुलांचं नेमकं काय झालं? जाणून घ्या'.

अर्ध्या तासाने त्यांचा फोन वाजला. वहिनींचा आवाज मला दोन टेबलं पलीकडून ऐकू आला.

"अहो, आपला चिंट्या त्या बसमध्ये होता, शेजारच्यांनी सांगितलं! शाळेचा फोन लागत नाही. मी रिक्षात अडकलेय. पुढे काय घडलं हो?"

चिंट्या म्हणजे साहेबांचा नातू. बस कुठल्या शाळेची, हे बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात होतं. साहेब तिथवर कधी जात नाहीत.

"सर्व म्हणजे... सर्व ना रे?" त्यांनी मला विचारलं.

"मुख्याध्यापिकांनी नावं घेऊन दोनदा मोजलीत."

"अगं, सुखरूप आहे तो!"

"मला धीर देऊ नका! तुमच्याच साइटवर 'हादराल' लिहिलंय. उघडायला गेलं की गादीची जाहिरात येते, तिची फुली सापडत नाही. खरं असेल तर लिहिलेलं दाखवा."

साहेबांनी माझ्या ओळी जशाच्या तशा परत घातल्या. 'सुखरूप' तीनदा खोडून पुन्हा लिहावं लागलं. पण सर्च इंजिन काही आमच्या पगारावर नाही. पान पुन्हा तपासायची विनंती पाठवायची आणि वाट बघायची. चाळीस मिनिटं सर्चमध्ये 'हादराल'च दिसत राहिलं. तेवढा वेळ साहेब उभे होते. खुर्ची मागेच होती.

अखेर ओळ बदलली. वहिनींनी ती रिक्षात वाचली, रिक्षा मागच्या फाटकाकडे वळवली, आणि दहा मिनिटांत नातवाला फोनवर दिलं. त्याला डबा बसमध्ये राहिल्याचं दुःख होतं.

साहेबांनी डोळे पुसले. "मग आता बातमी उघडलीस ना?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"कशाला? बाहेरच कळलं की सगळं."