दहावी जागा आणि यादीतलं तिसरं नाव

माझा स्वभाव संशयी आहे, आणि निवडणूक अधिकाऱ्याला तो शोभतो. नवरा म्हणतो, तू देवाकडूनसुद्धा पोचपावती मागशील. म्हणू दे. पण त्या सकाळी शाळेच्या हॉलमध्ये फेरमोजणी सुरू झाली आणि कुणाच्याही मनात पाल चुकचुकावी असं घडायला लागलं. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी भांडतच नव्हते.

घागर पक्षातर्फे बसल्या होत्या वहिनी. त्यांचा दीर हा घागरचा उमेदवार. पहिल्या मोजणीत तो चार मतांनी हरला, म्हणून फेरमोजणी त्यानंच मागितली होती आणि आता वहिनींच्या मागे खुर्ची टाकून बसला होता. शिडी पक्षातर्फे एक दातांचे डॉक्टर होते. त्यांचा उमेदवार जिंकलोच समजून घरी आराम करत होता.

पहिली संशयास्पद मतपत्रिका मी वर धरली. खूण घागरच्या चौकोनात होती, पण जरा बाहेर आलेली.

"घागरचीच हो," डॉक्टर म्हणाले.

"छे, बाद करा ना," वहिनी म्हणाल्या. "खूण बाहेर गेलीय."

पुढची शिडीची होती, तशीच बाहेर गेलेली. आता वहिनी ती शिडीला द्यायला निघाल्या आणि डॉक्टर ती बाद करायला. म्हटलं, हे काय गौडबंगाल आहे? पैसे चारलेत कुणी? पण दोघांनाही, आणि तेही उलट्या बाजूंनी?

मी मतपत्रिका बाजूला ठेवल्या. दोघांच्या पक्षांच्या याद्या मागवल्या आणि फळ्यावर गणित मांडलं. दीर म्हणाला, "मॅडम, हे कशाला आता?"

"कळेल," मी म्हटलं. "सभागृहात वीस जागा. दहा मतदारसंघांतून, दहा पक्षांच्या यादीतून. प्रत्येक मतदाराची दोन मतं, एक उमेदवाराला, एक पक्षाला. कोणाच्या किती जागा, ते पक्षाच्या मतावर ठरतं. मतं एक लाख, म्हणजे पाच हजाराला एक जागा. शिडीला पंचेचाळीस हजार, नऊ जागा. घागरला पस्तीस हजार, सात. उरलेले वीस हजार कुलूप पक्षाचे, त्यांच्या चार."

"ते ठाऊक आहे."

"मग पुढचंही ऐका. नऊ मतदारसंघांचे निकाल लागलेत. शिडीनं पाच जिंकले, घागरनं चार, कुलपाला एकही नाही. हा दहावा. तुम्ही जिंकलात, तर घागरचे मतदारसंघातले पाच. सातातून पाच गेले, यादीतून दोघंच जाणार. तुम्ही हरलात, तर सातातून चार वजा. यादीतून तिघं."

खडू खाली ठेवताना मी वहिनींकडे पाहिलं. घागरच्या यादीत तिसरं नाव त्यांचं होतं. त्यांच्या वरच्या दोघांपैकी कोणीही मतदारसंघात उभं नव्हतं, त्यामुळे तिकडून निवडून येऊन यादीतली जागा मोकळी होईल अशी पळवाटही नव्हती.

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. शिडीच्या यादीत ते चौथे. शिडीनं हा मतदारसंघ जिंकला तर नवातून सहा वजा, यादीतून तिघंच. हरली तर नवातून पाच वजा, आणि चौथे म्हणून डॉक्टर आत.

दिराचा चेहरा उतरला. "वहिनी? मला पाडायला बसला होतात तुम्ही?"

"पक्षाच्या जागा सातच राहतात, भावजी," वहिनी हळू म्हणाल्या. "पक्षाचं काय नुकसान?"

"माझं?"

वहिनी यादीची घडी घालत राहिल्या. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि कीवही. पंधरा वर्षं सभांना सतरंज्या घालून बाईला पहिल्यांदाच नाव मिळालं होतं, तेही तिसरं.

दोघांच्या सूचना मी गुंडाळून ठेवल्या आणि प्रत्येक मतपत्रिका नियमानं पुन्हा तपासली. मतदाराचा कल स्पष्ट असेल तर मत ग्राह्य, नाही तर बाद. शेवटची एकच उरली तेव्हा दोन्ही उमेदवारांची मतं बरोबरीत होती. तिच्यावर घागरसमोर खूण होती, पुसट पण एकटीच.

"ग्राह्य," मी म्हटलं. "हरकत?"

डॉक्टरांनी घाईघाईनं नकारार्थी मान हलवली. वहिनींना हरकत घेता आली असती, पण खुर्चीमागून दोन डोळे त्यांच्या पाठीवर होते. "नाही," त्या म्हणाल्या.

दीर एका मतानं निवडून आला. वहिनींची जागा गेली. लोक हार घेऊन धावले, पण हा माणूस हलला नाही. मला त्याच्यात माझाच रोग दिसला.

"एक विचारू, वहिनी? तुम्ही याच मतदारसंघातल्या. उमेदवाराचं मत तुम्ही कुणाला दिलं?"

"उत्तर देऊ नका," मी कडाडले. "मत गुप्त आहे."

वहिनींनी पर्स काखेत घेतली. "माझं मत शिडीला पडलं असतं," त्या म्हणाल्या, "तर भावजी, आज तुम्ही एका मतानं हरला असतात."