कोरडा रकाना

तक्त्यात खोटं लिहिलं ते मीच. रविवारी दुपारी, एका बैठकीत, एकाच निळ्या पेनानं, चार दिवसांचं!

सासूबाई एक्क्याऐंशीच्या. लघवी लागली की बाथरूम गाठेपर्यंत धीर निघत नसे. लाजेनं घराबाहेर पडणंच सोडलं होतं त्यांनी. पण दीड महिन्यानं धाकट्या बहिणीचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता, गाडीनं दीड तासावर. "मला तेवढं एकदा जायचंय गं," असं त्या माझ्याजवळ दोनदा बोलल्या. एरवी त्या काही मागत नाहीत.

म्हणून डॉक्टरांनी तपासणी करून घरी सिस्टर पाठवल्या. दर सोमवारी यायच्या. सिस्टरांनी फ्रिजवर तक्ता चिकटवला. किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवीला गेलं, कपडे ओले की कोरडे. सुरुवातीला लागो न लागो, दर तासाला जायचं. मधेच घाई झाली तर धावायचं नाही. बसून राहायचं, खालचे स्नायू चारपाच वेळा आवळून सोडायचे, कळ ओसरली की सावकाश उठायचं. आठवडा कोरडा गेला की पंधरा मिनिटं वाढवायची. "आणि पाणी तोडायचं नाही हं आजी," सिस्टर म्हणाल्या. "चहा कमी करा, पाणी नाही."

तासाची आठवण करून देणं माझं काम. मी घरीच कपडे शिवते. त्या आठवड्यात एका शाळेचे साठ गणवेश अंगावर होते. मोबाईल वाजायचा, मी म्हणायची, "आई, एवढी शिवण संपवते." शिवण संपेपर्यंत पाऊण तास उलटायचा आणि खुर्चीखाली थारोळं. वर मीच खेकसायची, "अहो, सांगायचं तरी!" मशीनच्या आवाजात त्यांनी दोनदा हाक मारली होती. मी ऐकली होती.

सोमवारी सिस्टर येणार आणि तक्ता अर्धा रिकामा! आपली अब्रू जायला नको म्हणून सगळीकडे 'कोरडे' लिहिलं. सासूबाई समोरच जेवत होत्या. माझा हात फिरताना त्यांनी पाहिला आणि मान खाली घातली.

"वा, आठवडाभर कोरड्या!" सिस्टर खूश झाल्या. "आता सव्वा तास."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. आता बोलतील, मग माझी धडगत नाही, असं वाटलं. बोलल्या नाहीत.

आणि नवल म्हणजे पुढच्या आठवड्यात कपडे खरंच कोरडे! त्याच्या पुढच्या आठवड्यातही जवळजवळ तसेच. मी नवऱ्याला सांगत सुटले, बघ, माझ्या शिस्तीचा गुण. सकाळी भरलेला पाण्याचा जग संध्याकाळी रिकामा दिसायचा, मी बिनदिक्कत 'सहा पेले' लिहायची.

चौथ्या सोमवारी दारावरची बेल वाजली. सिस्टरना बघून सासूबाई उठल्या आणि जागच्या जागी झोकांडल्या. सिस्टरांनी धरलं म्हणून वाचल्या. जीभ पाहिली तर कोरडी ठक्क. तपासणीच्या बाटलीत जेमतेम दोन बोटं लघवी, काळपट पिवळी.

"आजी, पाणी किती पिता?"

"गोळीपुरतं."

"आणि जग?"

"बेसिनमध्ये ओतते."

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "अशानं लघवी दाट होते, आतून टोचते, घाई उलट वाढते. जंतुसंसर्ग झालाय का तेही बघायला हवं. कोणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"कोणी नाही." सासूबाई पदर चाचपत राहिल्या. "तक्त्यात कोरडं लिहिलेलं होतं. म्हटलं, सुनेला खोटं कशाला पाडायचं? पोर दिवसभर राबते."

पोर! पन्नाशीची घोडी मी. भोवळ येईस्तोवर त्यांनी माझं खोटं खरं करून दाखवलं होतं, आणि मी त्याचं श्रेय लाटत फिरत होते. मी सिस्टरना सगळं सांगून टाकलं. हाक ऐकून बसून राहिले तेही.

सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डॉक्टरांना फोन केला, नमुना घेतला, नवा तक्ता काढला. "पुन्हा एका तासापासून. वाढदिवसापर्यंत दीड तास होईल असं मी आता सांगू शकत नाही."

सासूबाईंनी मान हलवली. "धाकटीला सांग, सर्दी झालीय मला."

"नाही आई. माझ्यामुळे राहिलं, असं सांगते."

दुपारी मी मशीन बंद करून त्यांच्याजवळ बसले. पन्नासाव्या मिनिटाला त्यांना घाई आली. आम्ही दोघी बसून राहिलो, स्नायू आवळले, श्वास मोजले, मग सावकाश उठलो. तरी दाराशी थोडी झालीच. त्यांनी भेदरून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मीच शिकवलेली.

कपडे बदलून झाल्यावर मी तक्ता त्यांच्यासमोर धरला आणि लिहिलं, 'ओले'.

त्यांनी ते नीट वाचलं. मग हळूच विचारलं, "आता पाणी प्यायले तर चालेल ना गं?"