पन्नासावी रेघ

शिकवून झाल्यावर "समजलं का?" असं विचारणाऱ्या माणसाचा मला राग येतो. गेली कितीतरी वर्षं मी नर्सिंगच्या पोरींना शिकवतेय, पण हा प्रश्न मी एकदाही विचारलेला नाही. पोरी म्हणतात, मॅडम खडूस आहेत, समजलं की नाही तेही विचारत नाहीत, सरळ फळ्यापाशी उभं करतात. म्हणू देत.

१९९४ साली मी सांगलीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला. बौद्धवाड्यातून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी मीच. एस. टी.त बसवताना आण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले होते, "माया, तितं कुनाला नावं ठिवायला जागा ठिवू नगंस." मी ठेवली नाही. पहिल्या वर्षी तेवीस जणींत पहिली आले. तेव्हापासून पहिला बाक माझा झाला आणि शिकवताना सगळ्या ट्यूटर माझ्याच तोंडाकडे बघायला लागल्या. मला तेव्हा त्याचा केवढा अभिमान होता!

त्या शुक्रवारी मुलांच्या वॉर्डातली इन्सुलिनची काचेची सिरिंज उकळताना तडकली. नवी सोमवारशिवाय मिळणार नव्हती. तोवर साध्या एक सी.सी.च्या सिरिंजने भागवायचं होतं, म्हणून आमच्या मगदूम सिस्टरांनी दुपारचा तास त्यावरच घेतला. बाई मनाने चांगल्या, पण शिकवणं म्हणजे मागे कुत्रं लागल्यासारखं.

त्यांनी काय सांगितलं ते मी इथे सावकाश सांगते. त्या वेळच्या इन्सुलिनच्या बाटलीत एका सी.सी.ला चाळीस युनिट औषध असायचं. इन्सुलिनच्या खास सिरिंजवर चाळीसच रेघा, म्हणजे एक रेघ एक युनिट. वीस युनिट हवे तर विसाव्या रेघेपर्यंत भरायचं, डोकं लावायचं कामच नाही. साध्या सिरिंजवर मात्र त्याच एका सी.सी.च्या शंभर रेघा. वीस युनिट म्हणजे चाळीसाचे निम्मे, म्हणून सिरिंजही निम्मी भरायची. शंभराचे निम्मे पन्नास. विसासाठी पन्नासावी रेघ.

आता किती सोपं वाटतं. तेव्हा सिस्टरांनी फळ्यावर फक्त 'वीस भागिले चाळीस, पॉइंट पाच' एवढं लिहिलं, खाली 'पन्नास' लिहून त्याला गोल केला आणि हात झटकले.

"समजलं?"

मला काहीएक समजलं नव्हतं. विसाचे पन्नास कुठून आले? औषध वाढवलं की काय? विचारावं म्हणून शब्द ओठांवर आले आणि मी मागे वळून बघितलं. माझ्या मागे बसणारी सुरय्या शांतपणे वहीत रेघ ओढत होती. तिच्या पलीकडे फलटणची अक्षता पेनचं टोपण लावून मोकळी झाली होती. एकीच्याही कपाळावर आठी नाही. मी गप्प बसले होते ती अब्रू जाईल म्हणून, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण बाकीच्या गप्प बसल्या होत्या त्या कळलं म्हणून, हेही मला तितकंच पक्कं ठाऊक होतं! दोन्ही गप्प बसणी दिसायला सारखीच होती, तरी माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की त्याही माझ्यासारख्याच असतील.

"माया?" सिस्टर म्हणाल्या.

मी मान डोलावली. सिस्टरांनी फळा पुसला.

रात्री मेसमध्ये मीठ जास्त झाल्यावर सगळ्याजणी बोलल्या, पण इन्सुलिनचं नाव कुणी काढलं नाही. कशाला काढतील, मला वाटलं, इतक्या सोप्या गोष्टीबद्दल कोण बोलतं? मी खोलीत जाऊन माझ्यापुरता नियम बनवला. विसाचे पन्नास झाले, म्हणजे तीस मिळवायचे. बसला हिशोब. वहीत लिहून खाली दोनदा अधोरेखित केलं.

शनिवारी अकरा वाजता मी मुलांच्या वॉर्डात ड्यूटीवर गेले. सुरय्या सकाळपासून तिथेच होती, अक्षता आठ वाजता इन्सुलिनचा डोस देऊन दुसऱ्या वॉर्डात गेलेली. वॉर्डच्या सिस्टर कोपऱ्यातल्या खाटेवर फिट आलेल्या बाळापाशी अडकल्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "माया, राणीचं दुपारचं इन्सुलिन दे, चार युनिट. सुरय्याला दाखवून दे."

राणी नऊ वर्षांची, काडीसारखी पोर. महिन्याभरापूर्वी तिला साखरेचा आजार निघाला होता. रोज जेवणाआधी चार युनिट. आई खाटेशी बसून.

चार अधिक तीस, चौतीस. मी चौतिसाव्या रेघेपर्यंत औषध ओढलं, बुडबुडा काढला आणि सिरिंज सुरय्यापुढे धरली.

"बघ."

तिने सिरिंजकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. सिरिंजपेक्षा माझ्या तोंडाकडेच जास्त वेळ बघत होती.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

मी राणीचा हात धरला. हात गार होता आणि घामाने नुसता निथळत होता. मार्गशीर्षातली थंडी, खिडकीतून वारा येतोय, आणि पोरीचा फ्रॉक पाठीला चिकटलेला. "राणी," मी हाक मारली. तिने डोळे उघडले, मला न ओळखता काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा मिटले. बोटं थरथरत होती.

"मघापासनं अशीच झोपाळल्यागत करतीया," आई म्हणाली. "म्हनलं रातच्याला झोप झाली नसंल."

गार घाम, थरथर, गुंगी. ही लक्षणं मला तोंडपाठ होती, पहिल्या वर्षाला त्यावर दहापैकी दहा मिळाले होते. रक्तातली साखर उतरलीय. आणि माझ्या हातात साखर आणखी उतरवणारं औषध होतं. तरीसुद्धा, लाज वाटते सांगायला, मी आधी सुरय्याकडे बघितलं. ती घाबरलीय का ते बघायला! तिचं तोंड तसंच, कोरं. ती घाबरली नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असं मला खरोखर वाटलं. कापूस घेतलेला माझा हात राणीच्या दंडापर्यंत गेलासुद्धा.

मग राणीचा हात एकदम लुळा पडला.

"सुरय्या," मी म्हणाले, "मला न्हाई कळलेलं ते."

"काय?"

"कालचं. विसाचे पन्नास कसे झाले ते. मला काहीसुदीक कळलेलं न्हाई. हे चौतीस मी अंदाजानं भरलंय."

सुरय्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "मला बी न्हाई कळलं गं," ती म्हणाली. "मला वाटलं तुला येतंय. तू भरलंयस म्हंजे बरोबरच आसंल."

"सकाळी अक्षतानं किती भरलेलं?"

मी तिचा दंड धरून हलवला.

"पन्नास," सुरय्या म्हणाली. "सिस्टरनी फळ्यावर गोल केलेलं ना. ती म्हनली बघ, मी व्हय म्हनलं."

माझा तीस मिळवायचा नियम तिथल्या तिथे मेला आणि खरं गणित लख्ख दिसलं. पन्नासावी रेघ म्हणजे वीस युनिट. चारच्या जागी वीस. पाचपट औषध तीन तासांपूर्वी पोरीच्या अंगात गेलं होतं. वर मी चौतिसावी रेघ टोचणार होते, म्हणजे आणखी तेरा-चौदा युनिट.

मी सिरिंज ट्रेमध्ये टाकली आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशी ओरडले, "सिस्टर, राणीला सकाळी इन्सुलिन जास्त गेलंय! पाचपट गेलंय!" आयुष्यात इतक्या मोठ्याने मी पहिल्यांदाच ओरडले असेन. शालूबाई आयाने चहाच्या डब्यातली साखर पाण्यात ढवळून धावत आणली. पण राणी गिळेना, पाणी ओठातून बाहेर यायला लागलं. "घालू नका, छातीत जाईल!" म्हणत सिस्टर आल्या, मागून डॉक्टर. ग्लुकोजचं इंजेक्शन फोडलं. शीर सापडेना. एकदा सुई घातली, हात तिथे फुगला. दुसऱ्यांदा घातली, नाही. मी राणीचा हात घट्ट धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, हिला काही झालं तर मी पाटणला कुठल्या तोंडाने जाऊ? तेव्हासुद्धा मला माझ्याच तोंडाची पडली होती, याचा राग अजून जात नाही.

तिसऱ्यांदा शीर लागली. डॉक्टर हळूहळू औषध सोडत होते. मिनिटभर काही नाही. मग राणीने डोळे उघडले, आजूबाजूची गर्दी बघितली आणि भोकाड पसरलं.

सलाइन लावून संध्याकाळपर्यंत तिच्यावर पहारा ठेवला. मगदूम सिस्टरांना निरोप गेला होताच. चार वाजता त्यांनी सगळ्यांना वर्गात बोलावलं. अक्षता रडून रडून सुजली होती. सिस्टरांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "काल ज्यांना कळलं नव्हतं त्यांनी हात वर करा."

एक पोर मरता मरता वाचली होती, तरी पहिल्या झटक्याला एकही हात वर गेला नाही. जी ती शेजारणीकडे बघत होती. मी हात वर केला. माझ्यामागून सुरय्याने केला, मग अक्षताने. आणि मग धरण फुटल्यासारखे हात वर आले. सिस्टर बोट नाचवत मोजत गेल्या. तेवीस.

"मग काल का बोलला नाहीत?"

अक्षता हुंदके देत म्हणाली, "मायानं मान हलवली ना, सिस्टर. म्हटलं, सगळ्यांना आलंय, मीच ढ."

मी त्यांच्याकडे बघून मान हलवली होती, आणि त्या माझ्याकडे बघून गप्प बसल्या होत्या. मगदूम सिस्टर डस्टर हातात घेऊन खुर्चीत बसल्या. "मीही तिच्याचकडे बघून फळा पुसला," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी वॉर्डात गेले. राणी डाळभात खात होती. तिच्या आईला खरं सांगायचं म्हणून गेले होते, आणि खाटेशी उभी राहून सांगितलंसुद्धा, की सकाळी आमच्याकडून पाचपट औषध गेलं, चूक आमची आहे. माऊली शिव्या देईल, मारायला उठेल, असं धरून चालले होते. ती राणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"सकाळी सुई बघून मला वाटलं हुतं, बाई," ती म्हणाली. "रोज तळाला एवढंसं आसतंय. आज निम्मी नळी भरल्याली. इचारावं म्हनून तोंडात आलं हुतं. पर ती दुसरी बाई बगून व्हय म्हनली, शेजारच्या खाटंवरच्या बायाबी बगत हुत्या, कुनी काय बोललं न्हाई. म्हनलं, सगळ्यास्नी ठावं आसंल. मलाच कळंना."